रूमीला चिठ्ठी लिहायची आहे, पण भांडण नको

प्रश्न: मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. हॉस्टेलच्या रूममध्ये आम्ही दोघीच. रूमीचं बीबीए चालू आहे. तिची परीक्षा झाली, माझी एंड-सेम २४ नोव्हेंबरला सुरू होतेय. संध्याकाळी सातनंतर ती रूमवरच असते. मोबाईलवर मोठ्या आवाजात रील्स, रात्री फोन, कधी मैत्रिणी. तिची आई ड्युटीवरून उशिरा घरी येते, म्हणून तिचा फोन दहाच्या सुमारास येतो. रेंज फक्त खिडकीपाशी, आणि माझं टेबलही तिथेच. मुलगी चांगली आहे, तोंडावर बोलले तर रडेल किंवा मी चिडेन. रात्री ९ ते २ आणि पहाटे ५ पासून शांतता हवी, असं चिठ्ठीत लिहू का? आणि कसं लिहू?

उत्तर: चिठ्ठी जरूर लिही, पण ९ ते २ लिहू नकोस. तिच्या बाजूने हिशेब मांडून बघ. ती सातला रूमवर येते आणि बाराला झोपते असं धरलं, तर जागेपणी रूम वापरायला तिला पाच तास मिळतात. त्यातले तीन तू मागते आहेस, तेही सलग आणि बहुधा दोन आठवडे. शिवाय त्या तीन तासांत तिने जायचं कुठे, हे तुझ्या मागणीत नाहीच. रात्रीची हजेरी झाल्यावर बाहेर पडता येत नाही, पॅसेजमध्ये रेंज नाही आणि दुसऱ्यांच्या रूममध्येही परीक्षाच चालू. अशा चिठ्ठीला कुणीही तोंडावर ‘हो गं’ म्हणेल आणि तिसऱ्या दिवशी विसरेल.

आधी टाइमटेबल समोर घे. समज, तुझे पाच पेपर २४, २६ आणि २८ नोव्हेंबरला, मग १ आणि ३ डिसेंबरला आहेत. चार दिवस आधीपासून, म्हणजे २० नोव्हेंबरपासून, शांतता हवी असेल तर २ डिसेंबरपर्यंत तेरा रात्री होतात. पण या सगळ्या रात्री सारख्या नाहीत. पेपरच्या आदल्या रात्री पाचच आहेत: २३, २५, २७, ३० आणि २. त्या रात्री खरंच कडक शांतता लागते. २८ ला तिसरा पेपर दिल्यावर पुढचा थेट १ तारखेला, त्यामुळे २८ ची रात्र तू तशीही झोपूनच काढणार आहेस. ती पूर्ण सोडून दे. उरल्या सात साध्या रात्री, त्यांना सैल नियम पुरतो. ‘तेरा रात्री गप्प राहा’ आणि ‘पाच रात्री कडक, सात रात्री सैल, एक रात्र तुझी’ या दोन मागण्या ऐकणारीला फार वेगळ्या वाटतात, आणि तुझं नुकसान काहीच होत नाही.

आता तास. आईचा फोन दहाला येतो, म्हणून साध्या रात्री शांततेची वेळ १० ला सुरू न करता १०.३० ला कर आणि १२ ला संपव. कडक रात्री १० ते १२.३०. आईचा फोन दोन्हीतून वगळ. हे चिठ्ठीत स्पष्ट लिही, कारण वाचताना तिची पहिली भीती तीच असेल: आता आईशीसुद्धा बोलायचं नाही का? ती भीती पहिल्या काही ओळींतच गेली तर बाकीची चिठ्ठी ती नीट वाचेल.

बारा-साडेबारानंतर तुला जागायचं असेल तर रीडिंग रूममध्ये जा. परीक्षेच्या दिवसांत बऱ्याच हॉस्टेलांत ती रात्रभर उघडी असते. तुमच्याकडे किती वाजता कुलूप लागतं, हे चिठ्ठी लिहिण्याआधी रेक्टरच्या ऑफिसात विचारून घे. ९ ते १०.३० या वेळेतही तू तिथेच बस. सूत्रं पाठ करणं, आकृत्या काढणं, मागच्या वर्षांचे पेपर सोडवणं ही कामं तिथे चांगली होतात. त्या दीड तासात रूम आणि खिडकी दोन्ही तिची. रेंजचा प्रश्न टेबल न हलवताच सुटतो, आणि मुख्य म्हणजे तू स्वतःचंही काहीतरी सोडते आहेस हे तिला दिसतं.

कोणत्या आवाजाने अभ्यास मोडतो तेही नेमकं समजून घे, म्हणजे नको त्या गोष्टींवर बंदी घालणार नाहीस. पंख्याची घरघर, बादलीत पडणारं पाणी, रस्त्यावरच्या गाड्या हे आवाज थोड्या वेळाने कानाआड होतात. कळणाऱ्या भाषेतलं बोलणं तसं होत नाही. वाचताना डोक्यात शब्दच चालू असतात आणि बाहेरचे शब्द त्यांच्यात घुसतात. त्यातही फोनवरचं एकतर्फी बोलणं जास्त छळतं, कारण समोरची काय म्हणाली असेल याचा अंदाज मन आपोआप बांधत बसतं. रील्सचंही तसंच: दर पंधरा-वीस सेकंदांनी नवं गाणं, नवा आवाज, त्यामुळे कान सरावतच नाही. म्हणून मागण्या तीनच ठेव: मोबाईलचा आवाज इअरफोनवर, गप्पांचे फोन त्या वेळेत नकोत, मैत्रिणी त्या वेळेत रूममध्ये नकोत. तिने कपाट उघडलं, चहा केला, नेलपॉलिश लावलं, तर त्यावर चिठ्ठीत एक अक्षरही नको.

या हिशेबाने चिठ्ठी अशी होईल. तारखा तुझ्या टाइमटेबलप्रमाणे बदल.

> प्रिय रूमी,
>
> माझी एंड-सेम २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर आहे. पेपर पाच. त्या दिवसांसाठी रूमचं एक वेळापत्रक सुचवतेय. हे ठरलेलं नाही, पटणार नाही ते खोड आणि बाजूला तुझं लिही.
>
> २० नोव्हेंबर ते २ डिसेंबर, रात्री १०.३० ते १२: मोबाईलचा आवाज इअरफोनवर, गप्पांचे फोन आणि मैत्रिणी त्याआधी किंवा त्यानंतर.
>
> पेपरच्या आदल्या पाच रात्री (२३, २५, २७, ३० आणि २ तारीख) हेच, पण १० ते १२.३०.
>
> काकूंचा फोन यात धरलेला नाही. तो कधीही आला तरी घे, रूममध्येच बोल.
>
> माझ्याकडून: रोज ९ ते १०.३० मी खाली रीडिंग रूममध्ये असेन, रूम तुझी. कडक रात्री १० ला वर येईन. ११ ला ट्यूब बंद करून मी टेबल लॅम्पवर वाचेन, लॅम्प भिंतीकडे असेल. सकाळचा अलार्म ५.३० चा, एकच, व्हायब्रेटवर. २८ तारखेला रात्री काहीच नियम नाही, मैत्रिणींना बोलवायचं असेल तर तेव्हा बोलव.
>
> या दिवसांत कुणाचा वाढदिवस असेल तर आधी सांग, ती रात्र मी खाली काढेन. फक्त आदल्या पाच रात्रींपैकी असेल तर केक दुसऱ्या रूममध्ये कापाल का?
>
> पहिले तीन दिवस करून बघू, २३ ला रात्री जेवताना काय जमलं नाही ते बोलू. टाइमटेबल बदललं तर त्याच दिवशी सांगेन. एप्रिलमध्ये तुझी परीक्षा असेल तेव्हा तारखा तू लिही, हेच नियम मला.
>
> उद्या मेसमध्ये बोलू या?

वहीच्या एका पानात मावते. याहून लांबवू नकोस. चिठ्ठी मोठी झाली की ती समजावणीची वाटायला लागते.

काय गाळलं आहे ते बघ. ‘तुझ्यामुळे’ हा शब्द कुठेही नाही. मागच्या सेमचा उल्लेख नाही. ‘माझी केटी राहिली तर’ अशी धमकीवजा काळजी नाही. ‘सगळ्या मुली म्हणतात’ नाही, कारण त्या वाक्याने ती ताबडतोब सगळ्या मजल्याच्या विरोधात उभी राहते. ‘जरा शांत राहशील का’ हेही नाही. ‘जरा’ म्हणजे किती, हे तुझ्या डोक्यात एक असतं आणि तिच्या डोक्यात दुसरं. मग ती आवाज अर्ध्यावर आणते, तिच्या मते तिने ऐकलेलं असतं, आणि तू मात्र धुमसत बसतेस. त्यापेक्षा इअरफोन बरा. तो लावलाय की नाही, यावर वाद होत नाही. आणि चार-चार वेळा ‘सॉरी’ लिहू नकोस. तू गैर काही मागत नाही आहेस, आणि जास्त माफी मागितली की वाचणारीला वाटतं की पुढे काहीतरी फार मोठं येतंय.

एक वाक्य मुद्दाम ठेवलं आहे: ‘पटणार नाही ते खोड’. तिने एकदोन गोष्टी खोडल्या तर चांगलंच. स्वतः हात लावलेलं वेळापत्रक माणूस पाळतो. म्हणून चिठ्ठीत थोडी जागा सोड आणि मनाशी आधीच ठरव की काय सोडता येईल आणि काय नाही. माझ्या मते साध्या रात्रींचा शेवट १२ वरून ११.४५ वर आला तरी चालेल. आदल्या पाच रात्रींचे अडीच तास मात्र सोडू नकोस.

तुझ्या बाजूचं देणं खरं असायला हवं. ‘तुझ्या परीक्षेत मीही शांत राहीन’ एवढंच दिलंस तर ते फारसं काही नाही, कारण तिची परीक्षा आत्ताच झाली आणि पुढची एप्रिलमध्ये. आज ती देणार आणि तू पाच महिन्यांनी. म्हणून आत्ताच्या आत्ता तिला मिळतील अशा गोष्टी वर आल्या आहेत: रिकामी रूम, अंधार, शांत सकाळ आणि एक मोकळी रात्र. बाकी, तिची परीक्षा चालू होती तेव्हा तू कशी वागलीस हे एकदा आठवून बघ. काही खटकण्यासारखं असेल तर चिठ्ठी देताना तोंडी कबूल कर. नाहीतर तेच पहिलं उत्तर म्हणून परत येईल.

लॅम्प आणि अलार्म ही दोन आश्वासनं सर्वात जास्त मोडतात, म्हणून त्यांच्याकडे नीट बघ. टेबलावरचा लॅम्प तिच्या उशीच्या दिशेला असेल तर ट्यूब बंद करूनही काही उपयोग नाही. पाच-सात वॉटचा पिवळसर एलईडी पुरतो. तो वहीच्या जवळ, खाली वाकवून ठेव, म्हणजे उजेड पानावर पडेल आणि भिंतीवर थोडाच. एकदा तिच्या कॉटवर स्वतः आडवी होऊन बघ. बल्ब थेट दिसत असेल तर लॅम्पची जागा बदल. उजेड कमी करायला लॅम्पवर ओढणी किंवा टॉवेल टाकायची पद्धत बऱ्याच रूममध्ये दिसते. ते करू नकोस, साधा बल्ब असेल तर कापड तापून पेट घेऊ शकतं. तिला हवा असेल तर डोळ्यांवर बांधायचा पट्टा तू आणून दे.

अलार्मचं दुखणं वेगळं. लोखंडी कॉटवर किंवा टेबलावर ठेवलेला फोन व्हायब्रेटवरसुद्धा खडखडतो, रिंगटोन परवडला. फोन उशीखाली, कापडात ठेव. मनगटावर बांधायचा बँड असेल तर त्याचा अलार्म उत्तम. आणि स्नूझ बंद. ५, ५.१०, ५.२० असे तीन अलार्म लावून तू साडेपाचला उठणार असशील तर तिची झोप तीनदा मोडते, आणि मग तिच्या रील्सबद्दल बोलायला तुला तोंड राहत नाही. पाचला जाग येणारच नसेल तर पाच लिहू नकोस. चिठ्ठीत ५.३० त्यासाठीच आहे.

मोठ्याने पाठ करायची सवय असेल, किंवा ग्रुपवर व्हॉइस नोट पाठवून शंका विचारत असशील, तर तेही त्या वेळेत बंद. रूममधली शांतता दोघींना लागू आहे. प्रॅक्टिकलचा ग्रुप रूममध्ये बोलावून ‘आमचा अभ्यास आहे’ म्हणणं हा नियमभंगच आहे, तिच्या मैत्रिणींइतकाच.

चिठ्ठी कधी आणि कशी द्यायची, याने अर्धं काम होतं. १२-१३ नोव्हेंबरच्या सुमाराला, म्हणजे वेळापत्रक सुरू होण्याच्या आठवडाभर आधी दे. रात्री ती फोनवर असताना किंवा तू वैतागलेली असताना नको. जेवून आल्यावर, दोघी निवांत असताना हातात दे आणि एवढंच म्हण, ‘हे वाच, घाई नाही, उद्या मेसमध्ये बोलू.’ मग दहा मिनिटं बाहेर जा. समोर उभी राहून चेहरा वाचत बसलीस तर तिला तिथल्या तिथे ‘हो’ म्हणावं लागतं, आणि असं ‘हो’ टिकत नाही. आरशावर किंवा दारावर चिकटवू नकोस, तिकडून येणारी-जाणारी वाचते. व्हॉट्सअॅपवरही नको. तिथे निळी टिक दिसूनही उत्तर आलं नाही की तुझा एक तास त्यातच जातो, आणि स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर जाण्याचा धोका वेगळाच. दोघींनी बदल करून झाल्यावर मात्र शेवटच्या वेळापत्रकाचा फोटो दोघींच्या फोनमध्ये ठेवा.

पहिल्या तीन दिवसांत एक-दोनदा नियम मोडेलच. तेव्हा काय करायचं ते २० तारखेच्या आधीच ठरवा. ‘साडेदहा’ एवढा एक शब्द पुरतो. तो ऐकला की तिने इअरफोन लावायचे, तुझ्याकडून टोमणा नाही, तिच्याकडून खुलासा नाही. त्याच रात्री, पहिल्यांदाच म्हण. तीन रात्री गप्प राहून चौथ्या रात्री फुटलीस तर तिच्या दृष्टीने तू अचानक, विनाकारण चिडलीस. तीनपैकी दोन रात्री मोडलं असेल तर तिची नियत तपासत बसू नकोस, वेळ तपास. बहुतेक वेळा कारण साधं असतं. तिच्या मैत्रिणीचा क्लास दहाला सुटतो आणि ती त्यानंतरच फोन करते, असं काहीतरी. मग अर्धा तास पुढेमागे करून प्रश्न संपतो.

फोमचे इअरप्लग जवळ असू दे, विशेषतः काकूंच्या फोनच्या त्या दहा मिनिटांसाठी. प्लग बोटांत घट्ट वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेव. नुसता कानाच्या तोंडाशी कोंबलेला प्लग काही करत नाही. बरोबर बसला तरी बोलणं पूर्ण बंद होत नाही, शब्द पुसट होतात. तेवढं पुरतं. ते घालून झोपणार असशील तर व्हायब्रेट उशीखालीच हवा, नाहीतर पेपरच्या दिवशी अलार्म ऐकूच येणार नाही.

ती ‘मीही हॉस्टेलची फी भरते’ म्हणाली तर ते खरं आहे, वाद घालू नकोस. ‘म्हणूनच तुझ्या वेळा विचारतेय’ म्हण आणि पेन तिच्या हातात दे. ‘रीडिंग रूममध्ये जा ना मग’ म्हणाली तर दाखव की रोज दीड तास तू जातेच आहेस, आणि बारानंतरही जाशील. सगळ्यात अवघड उत्तर ‘बघू’ हे आहे. तेव्हा सगळं बाजूला ठेवून फक्त आदल्या पाच रात्री माग. त्यालाही नकार देणाऱ्या मुली फार थोड्या.

आणि ती त्या थोड्यांतलीच निघाली, तर रेक्टरकडे तिची तक्रार घेऊन जाऊ नकोस. परीक्षा संपल्यावरही त्याच रूममध्ये दोघींना राहायचं आहे. त्याऐवजी स्वतःपुरती सोय माग: त्या पाच रात्री रीडिंग रूम उशिरापर्यंत उघडी ठेवता येईल का, किंवा तुझ्याच वर्षाच्या एखाद्या मुलीच्या रूममध्ये रिकामी कॉट असेल तर तिथे राहायची परवानगी मिळेल का. दुसरी सोय तोंडी मिळाली तरी तारखांसह अर्ज दे आणि रजिस्टरमध्ये नोंद करून घे. हजेरी रूमनुसार होते, आणि नोंद नसेल तर पेपरच्या आदल्या रात्री तू गैरहजर दिसशील आणि फोन थेट घरी जाईल.